ब्रश न लावलेला फोटो

कौसल्या माने फोटोंवरचे डाग घालवण्यात बेंगळूरच्या मल्लेश्वरममध्ये पहिल्या नंबरची होती आणि तिच्या स्वतःच्या दोन्ही गालांवर वांग होते. देवाला असली थट्टा कशी सुचते कोण जाणे. संपिगे रोडवरच्या ‘माने फोटो स्टुडिओ’त, रस्त्याकडच्या खिडकीपाशी तिचं उतरतं टेबल होतं. त्यावर ती रोज नवऱ्या मुलींचे मुरुम, म्हाताऱ्यांच्या सुरकुत्या आणि पोरांचे देवीचे वण बारीक ब्रशानं गुपचूप नाहीसे करी. लोक आपले फोटो बघून खूश होत आणि मग तिच्या गालांकडे बघून चट्‌कन नजर वळवत.

स्टुडिओ भावाचा, भीमसेनचा. आईवडील गेले तेव्हा कौसल्या शाळेत होती आणि अण्णा तिच्याहून बराच मोठा. त्यानंच तिला वाढवलं, त्यानंच हातात ब्रश दिला. कॅमेरा मात्र कधी दिला नाही. कॅमेरा अण्णांचा, ब्रश कौसल्येचा, अशी त्या दुकानाची वाटणी होती, आणि ती तिला कधी खटकली नव्हती. अण्णा सांगतील ते तिला देवाच्या जागी होतं. त्यांच्या घराण्यात थोरल्या भावाला अहो-जाहोच करायची रीत, पण कौसल्येच्या ‘अहो’त रीतीपेक्षा माया जास्त होती.

वांगांपायी तिची दोन स्थळं मोडली होती. त्यात निम्मा दोष ब्रशाचा. पाठवायचा फोटो तिनं स्वतःच साफ केला होता, हात सवयीनं चालला. पाहुणे होसूरहून आले, फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि उप्पिट खाऊन ‘कळवतो’ म्हणून गेले. दुसऱ्या खेपेलाही तेच. त्यानंतर तिनं मनाशी एक गाठ मारली: माझ्या फोटोला पुन्हा ब्रश लागणार नाही. लग्न होवो न होवो, ब्रशाची गरज नसलेला चेहरा एकदा तरी आपला असावा, एवढीच तिची मागणी होती. एकतीस वर्षांच्या बाईनं याहून कमी काय मागावं?

अशात दसऱ्याच्या सुमाराला एका कन्नड साप्ताहिकात ती जाहिरात आली. पद्मकळा क्रीम. एकाच बाईचे दोन काळेपांढरे फोटो शेजारी शेजारी. डावीकडे ‘आधी’: गालांवर कौसल्येसारखेच, अगदी तिच्याच गालांवरून उचलून ठेवावेत तसे वांग. उजवीकडे ‘सहा आठवड्यांनंतर’: गाल स्वच्छ. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, की छायाचित्रांत कुठलाही फेरफार केलेला नाही.

कौसल्या हसली. असलं लिहिणारे तिनं पुष्कळ बघितले होते. तिनं भिंग काढलं आणि ब्रश कुठं लागलाय ते शोधायला बसली. ब्रश लागला की तो तिला दिसायचाच. गालाची गोलाई मरते, नाकाजवळची सावली कडेला अचानक थांबते, कातडी नव्यानं चुना दिलेल्या भिंतीसारखी सपाट होते. तिनं उजवा फोटो खालवर, आडवातिडवा बघितला. गोलाई शाबूत. सावली शाबूत. गजरासुद्धा वेगळा: आधीच्या फोटोत गडद फुलांचा, नंतरच्यात पांढऱ्या शुभ्र. म्हणजे दिवस वेगळे.

अण्णा आतल्या खोलीत लेन्स पुसत होते. ती अंक घेऊन आत गेली.

“अण्णा, हे स्वल्प बघा की. मला तर ब्रश दिसत न्हाई.”

अण्णांनी अंक घेतला. भिंग डोळ्याला लावलं. बराच वेळ लावलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, “न्हाई. ब्रश लागलेला न्हाई ह्याला.”

“नक्की?”

“नक्की. निगेटिव्हलाही न्हाई, प्रिंटलाही न्हाई.”

झालं. कौसल्येला दुसरा पुरावा नको होता. त्याच संध्याकाळी आठव्या क्रॉसच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून तिनं ट्यूब आणली, आणि रोज रात्री तोंड धुऊन गालांना लावायला सुरुवात केली. पहिले काही आठवडे गाल खरंच उजळले. सगुणावहिनी म्हणाली, “अय्यो, कौसल्ये, तू तर लखलखायला लागलीस.” अण्णा तेव्हा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. कौसल्येला वाटलं, भाऊ लाजला. पुरुषांना बहिणीच्या रूपाबद्दल बोलायचं अवघड जातं.

मग गाल लाल व्हायला लागले. उन्हात गेलं की चटके बसत. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल दोऱ्यासारख्या बारीक शिरा दिसू लागल्या. दोन दिवस क्रीम बंद केलं तर आग आग व्हायची आणि वांग पहिल्यापेक्षा काळे होऊन वर यायचे, म्हणून ती घाबरून पुन्हा लावायची. औषधाच्या दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, “सरी होतं अक्का, बरं होतं, मळ बाहेर पडतोय.” दुकानदाराचं काय जातं म्हणा. तिला वाटायचं, दोष आपल्या कातडीचा. त्या बाईला गुण आला, आपल्याला येत नाही, आपलं नशीबच असलं. फोटो खोटा असेल हा विचार तिच्या मनाला शिवलासुद्धा नाही. अण्णांनी भिंगातून बघून सांगितलं होतं ना.

उन्हाळा तापला होता. अण्णा लग्नाच्या फोटोंसाठी तुमकूरला गेले होते, दुकानात ती एकटी. एक माणूस खाकी कागदात गुंडाळलेले दोन मोठे फोटो काखेत धरून आत आला. नाव सांगितलं यल्लाप्पा. कुठल्याशा कंपनीत नव्यानंच लागला होता.

“कौसल्याक्का तुम्हीच का? चिकपेटेतल्या लॅबवाल्यानं पाठवलं. एन्लार्जमेंट त्यानं केली, पण धुळीचे पांढरे ठिपके पडलेत. म्हणाला, ठिपके भरायचे तर मल्लेश्वरमच्या अक्कांकडे जा, दुसऱ्याचा हात नको.”

तारीफ कुणाला आवडत नाही? कौसल्येनं कागद सोडला आणि हात थांबला. तीच बाई. पद्मकळेची. भिंतीवर लावायच्या आकाराची, ‘आधी’ आणि ‘नंतर’.

“उद्या पाहिजेत,” यल्लाप्पा म्हणाला. “दुकानाच्या काचेत लावायचेत.”

“सरी, ठेवा,” ती म्हणाली. तिला आनंदच झाला होता. त्या बाईला इतक्या जवळून बघायला मिळणार होतं. जणू ओळखीची मैत्रीण घरी आली.

तिनं दोन्ही फोटो टेबलावर शेजारी ठेवले, ब्रशाला टोक काढलं, काळा रंग पाण्यानं फिका केला आणि ‘नंतर’च्या केसांतले ठिपके भरायला घेतले. केसांवरून गजऱ्यावर आली. फुलांजवळ भिंग नेलं आणि तिला जरा चमत्कारिक वाटलं. हा मोगरा नव्हता. मोगऱ्याची पाकळी जाड, गोल. ही पातळ, पंख्यासारखी पसरट, कडेला चुण्या पडलेली. बेंगळूरात वाढलेल्या कुठल्याही मुलीला हे फूल अंधारातही ओळखू येईल. कनकांबर. महाराष्ट्रात त्याला अबोली म्हणतात म्हणे.

पण अबोली पांढरी कशी?

तिनं भिंग ‘आधी’च्या गजऱ्यावर नेलं. गडद, जवळजवळ काळी फुलं. तीच पातळ पंख्यासारखी पाकळी. मग ती एकेक फूल मोजल्यासारखं जुळवत गेली. कानामागं एक फूल उलटं अडकलेलं, इथंही, तिथंही. दोऱ्याची गाठ सुटून एक टोक मानेवर आलेलं, इथंही, तिथंही. सहा आठवड्यांत कुठली अबोली एवढी ताजी राहते? ती तर संध्याकाळपर्यंत मान टाकते.

तिनं कुंकू बघितलं. ‘आधी’मध्ये काळंभोर. ‘नंतर’मध्ये कपाळ मोकळं वाटलं होतं, पण मोठ्या फोटोत, नीट बघितलं तर, कातडीहून जेमतेम वेगळी अशी एक गोल खूण होती. कुंकू तिथंच होतं. नुसतं दिसेनासं झालं होतं.

आता एवढी वर्षं फोटोच्या दुकानात काढलेल्या बाईला पुढचं कुणी सांगावं लागत नाही. काळ्यापांढऱ्या फिल्मपुढं निळी काच धरली की तांबडं ते सगळं काळं पडतं: कुंकू, अबोली, आणि चेहऱ्यावरचे तांबूस-तपकिरी डागसुद्धा. लाल काच धरली की तेच सगळं पांढरं होतं. लाल काच अण्णा आभाळातले ढग उठावदार यावेत म्हणून वापरत. निळी काच मल्लेश्वरमच्या दुसऱ्या कुठल्या स्टुडिओत तिनं बघितली नव्हती. ती अण्णांनी मुद्दाम मागवली होती, जुन्या पिवळट, विरलेल्या फोटोंच्या नकला काढायला. तिनं या काचांचा उपयोग ढगांना आणि मेलेल्या आजोबा-पणजोबांना होतो एवढंच धरलं होतं. ब्रशवाली बाई, ती फोटोत ब्रशच शोधत बसली. लबाडी फिल्मपर्यंत पोचायच्या आधीच झाली होती.

बाकीचं मग भराभर दिसत गेलं. ‘आधी’ला उजेड एका बाजूनं, वरून, उघड्या दिव्याचा. बाईच्या बुबुळात त्याचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. असा उजेड खड्डा नसेल तिथं खड्डा दाखवतो. ‘नंतर’ला उजेड समोरून, मऊ, स्टुडिओतल्या पांढऱ्या छत्रीवरून परतवलेला. बुबुळात छत्रीचं गोल पांढरं प्रतिबिंब. तिनं भिंग त्या बुबुळावर टेकवलं. छत्रीच्या काड्या दिसत होत्या. सगळ्या सारख्या अंतरावर, फक्त एका जागी काडी नव्हती आणि तिथं कापड आत दबलं होतं.

काडी मोडलेली ती छत्री कोपऱ्यात उभी होती. गणपतीच्या आधी सिद्धी, अण्णांची मुलगी, तिच्यावर पडली होती तेव्हापासून तशीच.

कौसल्या उठली आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. तरीही तिला म्हणायचं होतं, की नाही, छत्र्या काय कुणाच्याही मोडतात. माणूस मनाला असं शेवटपर्यंत समजावत राहतं. तिनं अण्णांचं कपाट उघडून दोन्ही काचा काढल्या. कॅमेरा तिपाईवर होता, फुगा दाबून लांबून फोटो काढायची नळी त्याला होती. ती स्टुलावर बसली. दिवा हलवला नाही, स्वतः हलली नाही. एक फोटो निळी काच लावून, एक लाल काच लावून. काचेमुळे उजेड कमी पोचतो म्हणून लेन्स तेवढी जास्त उघडली, हे ती अण्णांना करताना बघत आली होती. मग आत जाऊन फिल्म धुतली, वाळवली, प्रिंट काढले.

लाल दिव्याखाली कागदावर तिचा चेहरा हळूहळू वर आला. पहिला: वांग काळे, कातडी जळल्यासारखी. तो तिनं बाजूला ठेवला. दुसरा वर आला आणि ती तशीच उभी राहिली. गाल स्वच्छ होते. वांग नाहीत, लाल शिरा नाहीत, आग नाही. ब्रश लागलेला नाही. आयुष्यभर जो चेहरा मागितला तो चिमट्यात धरून ती बघत होती, आणि तिला रडू फुटलं. हा चेहरा कधी येणारच नव्हता. तो काचेत होता. आणि ती काच कोणाच्या कपाटात होती हे आता विचारायची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा तुमकूरहून परत आले तेव्हा सगुणावहिनी स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठाची अक्की रोट्टी थापत होती. घर दुकानाच्या मागेच. कौसल्येनं चारही फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले. दोन त्या बाईचे, दोन तिचे. अण्णांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि बघितलं. त्यांनी भिंग मागितलं नाही.

“तुम्ही काढलेत,” कौसल्या म्हणाली.

अण्णा खुर्चीत बसले. “क्रीमवाल्या मालकांच्या बंगल्यावर. भाद्रपदात. ती बाई त्यांच्याकडं कामाला हाय. एका सकाळचं काम.”

“मी तुम्हाला विचारलं होतं.”

“ब्रश लागलाय का, असं विचारलंस. न्हाई लागला. मी खोटं बोललो न्हाई, कौसल्ये.”

हे ऐकून तिला जो राग आला तसा उभ्या जन्मात आला नव्हता. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. खोटं बोलणाऱ्या माणसाला निदान लाज असते. हा माणूस तिच्याच धंद्याची भाषा वापरून, तिनंच विचारलेल्या प्रश्नाआड लपून, वर आपण खरे म्हणून बसला होता. कुंपणानंच शेत खावं आणि वर म्हणावं, मी जागचं हललो नाही.

“माझे गाल बघताय ना रोज?” ती म्हणाली. “रोज समोर बसून जेवता.”

“तू खुशीत होतीस,” अण्णा म्हणाले. “कित्येक वर्षांनी तुला आरशापुढं उभी बघितली. म्हटलं, क्रीमच तर हाय. गुण न्हाई आला तर सोडून देईल. नुकसान तरी काय होणार? मला काय ठाऊक असलं काही होईल म्हणून. आणि एकदा बोललो न्हाई, मग बोलताच येईना.”

कौसल्या त्यांच्याकडे बघत राहिली. भाऊ म्हातारा दिसत होता. तिला वाढवताना त्यांनी काय काय सोडलं होतं ते तिला तोंडपाठ होतं, आणि मन लगेच ते पाठ म्हणायलाही लागलं. भित्रा माणूस आहे, दुष्ट नाही. माहीत नव्हतं त्यांना. माहीत नसलेल्या माणसाला माफ करता येतं. तिचा राग पाघळायला लागला होता, आणि खरं सांगायचं तर तिला तो पाघळायला हवा होता. जाणार कुठं ती?

सगुणावहिनी पिठाचे हात पुसत बाहेर आली. बाई साधी, तिला भांडण कसलं ते नीट कळलेलं नव्हतं, तिला फक्त नवऱ्याची बाजू सावरायची होती.

“एवढं काय त्यांना बोलतीस? त्यांना तर ते क्रीम आधीपासूनच आवडत नव्हतं. दिवाळीत सिद्धीनं तुझ्या फळीवरची ट्यूब घेऊन तोंडाला लावली होती, तर किती ओरडले तिला! हातातून हिसकावून घेतली. स्वतः नळाखाली धरून तिचं तोंड साबणानं धुतलं. म्हणाले, त्या कंपनीचा माणूसच सांगत होता, ह्यात कसलंतरी कडक औषध घालतात, रोज लावलं तर कातडी जळते, पोरीला हात लावू द्यायचा न्हाई.”

“सगुणा,” अण्णा म्हणाले.

“मी म्हटलं, मग ट्यूब फेकून देऊ का? तर म्हणाले, नको. कौसल्येची हाय, तिच्या फळीवर परत ठेव. मीच ठेवते म्हटलं तर त्यांनी स्वतः नेऊन ठेवली.”

तव्यावरची रोट्टी करपल्याचा वास आला तशी वहिनी लगबगीनं आत गेली. कौसल्येनं दिवाळीतले दिवस आठवून बघितले. त्या फळीवर काही हललेलं, काही पुसलेलं तिला आठवेना. त्या रात्रीही तिनं तोंड धुतलं असेल, हात वर केला असेल, ट्यूब नेहमीच्या जागी सापडली असेल.

“झाकण नीट लावून ठेवलं होतंत, अण्णा,” ती म्हणाली. “मला कळलंसुद्धा न्हाई.”